योग मोजायचे की तोलायचे?

ओळखीच्या एका मावशींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलीसाठी आलेल्या स्थळाची पत्रिका त्यांनी पाश्चात्य पद्धतीनं जुळवून घेतली होती. या पद्धतीला सिनॅस्ट्री म्हणतात. तिच्यात एका पत्रिकेतले ग्रह दुसऱ्या पत्रिकेतल्या ग्रहांपासून किती अंशांवर आहेत ते पाहतात. अहवालात २२ शुभ योग, ९ अशुभ योग आणि खाली ठळक अक्षरांत ‘अनुरूपता ७१ टक्के’ असं लिहिलेलं होतं. मावशींचा चेहरा खुलला होता. मला मात्र त्या आकड्यानं काहीच सांगितलं नव्हतं, आणि ते का हे त्यांना नीट समजावून सांगायला हवं होतं.

दोन ग्रहांत १२० अंशांचं अंतर असेल तर नवपंचम, ६० असेल तर लाभयोग. हे शुभ धरतात. ९० अंशांचा केंद्रयोग आणि १८० अंशांचा प्रतियोग अशुभ. दोन ग्रह एकाच जागी आले की युती, आणि अशा अहवालांत तीही बहुधा शुभ खात्यात टाकलेली असते. पण अंतर नेमकं १२० क्वचितच भरतं. म्हणून थोडी सूट देतात. ११५ किंवा १२६ अंशांनाही नवपंचमच म्हणतात. या सुटीला इंग्रजीत ऑर्ब म्हणतात, आपल्या ताजिक ज्योतिषात दीप्तांश. नीलकंठांच्या १५८७ सालच्या ‘ताजिकनीलकंठी’च्या परंपरेत दीप्तांश ग्रहांचे असतात: सूर्याचे १५, चंद्राचे १२, शनीचे ९, बुधाचे ७. दोन ग्रहांच्या दीप्तांशांची बेरीज करून तिची निम्मी सूट द्यायची. म्हणजे रवि-चंद्राला साडेतेरा अंश मिळतात, शनि-बुधाला आठच. आजची सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ग्रह न पाहता योगाप्रमाणे सरसकट सूट देतात.

त्या सरसकट सुटीचा हिशेब करून पाहू. युती, प्रतियोग, केंद्र आणि नवपंचम यांना दोन्ही बाजूंनी ८ अंश दिले आणि लाभयोगाला ६. मग युतीनं राशिचक्राचे १६ अंश व्यापले आणि प्रतियोगानंही १६. केंद्र डावीकडेही होतो आणि उजवीकडेही, म्हणून त्याचे ३२, नवपंचमाचे ३२, लाभयोगाचे २४. एकूण १२०, म्हणजे ३६० अंशांचा बरोबर तिसरा हिस्सा. एका पत्रिकेतले दहा ग्रह दुसरीतल्या दहांशी जोडले की शंभर जोड्या होतात. त्यांतल्या तेहतीसएक जोड्यांत कोणता ना कोणता योग आपसूकच निघणार, मग ती दोन माणसं एकमेकांना कधी भेटलेली नसली तरी. त्या १२० अंशांपैकी ७२ अंश शुभ खात्यातले. याचा अर्थ कोणत्याही दोन अनोळखी माणसांची ‘अनुरूपता’ सरासरी ६० टक्के निघते. सूट सगळीकडे ३ अंशांवर आणली तर तेहतिसाच्या जागी तेराच योग उरतात. मावशींच्या अहवालात ३१ होते. त्यावरून सूट किती सढळ दिली होती ते कळतं.

आता त्या ७१ टक्क्यांकडे येऊ. मुलगा १९९२च्या जानेवारीतला, मुलगी १९९३च्या डिसेंबरअखेरची. हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो इतके सावकाश चालतात की दोन वर्षांत जेमतेम चार ते सात अंश सरकतात. त्यातच १९९३ साली हर्षल आणि नेपच्यून एकमेकांच्या युतीत होते. त्यामुळे या तिघांच्या आपापसांतल्या नऊ जोड्यांत पाच युती आणि दोन लाभयोग मिळून सात ‘शुभ’ योग झाले. हे सात योग या मुलाचे मुलीच्या जवळजवळ सगळ्या वर्गमैत्रिणींशीही होतात. ते त्या पिढीचे आहेत, या दोघांचे नव्हेत. ते बाजूला काढले की १५ शुभ आणि ९ अशुभ उरतात. टक्केवारी येते साडेबासष्ट, म्हणजे अनोळखी माणसांच्या जवळपास. मावशींना हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

मग उरलेले योग पाहायचे कसे? दोनच घेऊ. मुलाचा गुरू सिंहेत, मुलीचा हर्षल धनूत, अंतर १२७ अंश. हा नवपंचम सात अंशांनी हुकलेला आहे. मुलाचा शनी मकरेत १४ अंशांवर, मुलीचा चंद्र कर्केत १५ अंशांवर; हा प्रतियोग फक्त एका अंशानं चुकतो. अहवालात दोघांना एकेकच गुण. पण सूट आठ अंशांची असताना सात अंशांनी लांब असलेल्या योगात एक अष्टमांश बळ उरतं, एका अंशाच्या योगात सात अष्टमांश. त्यावर ग्रहांचं वजन येतं. मी रवि-चंद्राला ३, बुध-शुक्र-मंगळाला २, गुरू-शनीला १ आणि शेवटच्या तिघांना अर्धा धरतो. दुसरा ज्योतिषी थोडे वेगळे आकडे घेईल, पण उतरंड साधारण हीच ठेवील. दोन ग्रहांच्या वजनांचा गुणाकार करून त्याला बळानं गुणलं की चंद्र-शनीला २.६ येतात आणि गुरू-हर्षलला ०.०६. एक प्रतियोग तसल्या चाळीस नवपंचमांच्या तोलाचा.

आपल्या गुणमेलनात हा विचार आधीपासून आहे. अष्टकूटात वर्णाला १ गुण आहे आणि नाडीला ८. आठही कूटांना सारखंच मानून कोणी बेरीज करत नाही, आणि २८ गुण जुळूनही एकनाडी आली तर घरातली माणसं थांबतात.

मात्र वजन दिल्यावरही शुभाची अधिक आणि अशुभाची उणे अशी बेरीज मी करत नाही. मुलाचा शनी मुलीच्या चंद्रासमोर असेल तर त्याच्या बोलण्यातली शिस्त तिला टीकेसारखी लागू शकते. पण जबाबदारीची गाठही शनीच बांधतो. शुक्र-मंगळाचा केंद्रयोग अशुभ खात्यात जातो, आणि दोघांमधल्या ओढीसाठी ज्योतिषी पाहतात तोही हाच. उलट हाच शनी चंद्राच्या युतीत असता तर अहवालानं त्याला शुभ म्हटलं असतं. योग कोणता यापेक्षा कोणाकोणात झाला आहे हे आधी पाहावं लागतं.

याच्याही पुढची मर्यादा सांगायला हवी. कार्ल युंग यांनी विवाहित जोडप्यांच्या पत्रिकांत असेच योग तपासले आणि निष्कर्ष १९५२ साली प्रसिद्ध केले. पहिल्या १८० जोडप्यांत स्त्रीचा चंद्र पुरुषाच्या रवीशी युतीत सर्वाधिक वेळा आढळला. पुढच्या गटांत दुसरेच योग वर आले, आणि सगळी ४८३ जोडपी एकत्र केल्यावर आकडे योगायोगाच्या जवळ गेले. म्हणून योगांना वजन देणं ही पत्रिका वाचण्याची शिस्त आहे. लग्न टिकेल की नाही याचा पुरावा तिच्यातून मिळत नाही. हे मी प्रत्येक आईवडिलांना आधीच सांगतो.

मावशींना मी एकच गोष्ट विचारली: मुलीची जन्मवेळ कुठे लिहिलेली आहे का? चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो, तासाला अर्ध्याहून थोडा जास्त. त्यांना ‘सकाळी, उजाडल्यावर’ एवढंच आठवत होतं. उजाडल्यापासून दुपारपर्यंतच्या सहा तासांत चंद्र तीनेक अंश सरकतो, आणि ज्या एका अंशावर मी इतकं बोललो तो एक आहे की चार हेच ठरत नाही. मावशी म्हणाल्या, “तिच्या आजीच्या वहीत असेल रे.” वही गावच्या घरी होती. ती मिळेपर्यंत आम्ही अहवाल बाजूला ठेवला.