ब्लूटूथ जुळत नाही, हे डीलरला कसं लिहावं

सर्व्हिसिंगमध्ये गाडीच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट होतं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन जुळत नाही. मालक डीलरला ईमेल टाकतो : ‘ब्लूटूथ चालत नाही, लवकर दुरुस्त करा.’ उत्तर येतं, गाडी घेऊन या. तिथे सर्व्हिस ॲडव्हायझर स्वतःचा फोन जोडून पाहतो, तो लगेच जुळतो आणि जॉब कार्डवर ‘तपासले, ठीक आहे’ असं लिहिलं जातं. मालकाचा फोन मात्र घरी येतानाही जुळत नाही.

यात ॲडव्हायझर खोटं बोलत नसतो. फोन आणि गाडी पहिल्यांदा जोडताना दोन्हींच्या स्क्रीनवर सहा आकडी क्रमांक दिसतो. आपण होकार दिला की दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती आपापल्याकडे साठवून ठेवतात. पुढे रोज आपोआप जोडणी होते ती याच किल्लीवर. अपडेटमध्ये गाडीकडची किल्ली पुसली गेली किंवा बिघडली, तरी फोनला त्याचा पत्ता नसतो. तो जुनी किल्ली पुढे करतो आणि जोडणी नाकारली जाते. ॲडव्हायझरच्या फोनकडे जुनी किल्लीच नसते, म्हणून त्याचा फोन विनातक्रार जुळतो.

म्हणून ईमेलआधी एक काम घरीच करावं. फोनमधून गाडीचं नाव काढून टाकायचं आणि गाडीच्या यादीतून फोनचंही. बरेच जण फक्त फोनमधून काढतात, मग गाडीकडे राहिलेली जुनी नोंद आडवी येते. त्यानंतर फोन बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि गाडी लॉक करून पंधरा-वीस मिनिटं सोडायची. बऱ्याच गाड्यांची स्क्रीन इंजिन बंद केल्याबरोबर पूर्ण बंद होत नाही. मग नव्याने जोडायचं. जुळलं, तर ईमेलची गरजच उरली नाही.

नाहीच जुळलं, तर दोन चाचण्या घ्याव्यात. तोच फोन इअरफोनला किंवा दुसऱ्या गाडीला जोडून पाहायचा, आणि घरातला दुसरा फोन आपल्या गाडीला. दुसरा फोनही जुळला नाही, तर संशय गाडीवर जातो. आपला फोन कुठेच जुळत नसेल, तर डीलरकडे जाण्यात अर्थ नाही. सगळ्यात अडचणीचं उत्तर तिसरं : फोन इतरत्र चालतो, गाडी इतर फोन घेते, पण या दोघांचंच जमत नाही. डीलर फोनकडे बोट दाखवतो, फोनवाला गाडीकडे. इथे तारखा कामी येतात. त्याच आठवड्यात फोनचंही अपडेट झालं होतं का, हे प्रामाणिकपणे पाहावं. झालं असेल तर तेही लिहावं, कारण ते लपवलं की तपास चुकीच्या दिशेने जातो.

आता ईमेल. सॉफ्टवेअर डीलर लिहीत नाही. तो तक्रार कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे पाठवतो. तेव्हा आपला मजकूर त्याला जसाच्या तसा पुढे धाडता आला पाहिजे. समजा, पहिल्या सर्व्हिसिंगनंतरची गोष्ट आहे :

‘महोदय, माझ्या गाडीचा नोंदणी क्रमांक, १७ अक्षरांचा चॅसिस क्रमांक आणि जॉब कार्ड क्रमांक सोबत दिला आहे. ४ तारखेला आपल्या वर्कशॉपमध्ये स्क्रीनचे सॉफ्टवेअर अपडेट झाले. त्याआधी माझा फोन रोज आपोआप जुळत असे. ५ तारखेपासून जुळत नाही. सहा आकडी क्रमांक दोन्हीकडे दिसतो, होकार दिल्यावर जोडणी तुटते. दोन्हीकडच्या नोंदी काढून, दोन्ही उपकरणे बंद-चालू करून पुन्हा जोडून पाहिले. हाच फोन दुसऱ्या गाडीत चालतो. घरातला दुसऱ्या कंपनीचा फोनही या गाडीत जुळत नाही. फोनचे मॉडेल, दोन्हींच्या सॉफ्टवेअर आवृत्तीचे फोटो आणि अडचणीचा व्हिडिओ जोडला आहे. तपासणी माझ्या फोनवर, माझ्या समक्ष व्हावी. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लेखी कळवावा. गाडी वॉरंटीत आहे.’

एवढंच पुरे. संताप, इतर तक्रारी, पुढच्या काचेची करकर, काहीच यात घालू नये. एका ईमेलमध्ये तीन विषय आले की सोपा असेल त्याचंच उत्तर येतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला याची प्रत जरूर पाठवावी.

उत्तरात बहुधा स्क्रीन फॅक्टरी रीसेट करायला सांगतील. त्याला हरकत नाही, फक्त साठवलेले पत्ते आणि रेडिओची स्टेशनं आधी टिपून घ्यावीत. जुनी आवृत्ती परत टाकून द्या, असा हट्ट मात्र सहसा फळत नाही. ते डीलरच्या हातात क्वचितच असतं. दोष सॉफ्टवेअरचाच निघाला तर पुढच्या अपडेटची वाट पाहावी लागते आणि तोवर वॉरंटी संपूही शकते. मुदतीत पाठवलेला ईमेल तेव्हा पुरावा ठरतो. उत्तरच आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना हाच मजकूर आणि हीच जोडपत्रं वापरता येतात.