एकाच फोटोतले दोन पांढरे

समजा, एका मंगल कार्यालयातला फोटो आहे. नवरा-नवरीच्या मागे आठ-दहा मंडळी उभी आहेत आणि उजव्या टोकाला गावातले एक पुढारी. फोटो गावभर फिरतो आणि पुढारी म्हणतात, ‘मी त्या लग्नाला गेलोच नव्हतो.’ खरं कोणाचं? बहुतेकजण फोटो मोठा करून माणसाच्या कडा तपासतात: केस, मान, खांदा. पण कडा सफाईने कापणं आता फोनवरही जमतं. त्याहून अवघड आहे ते दोन ठिकाणच्या प्रकाशाचा रंग जुळवणं.

लोखंड तापवलं की आधी लालसर दिसतं, मग पिवळं, मग पांढरं. या क्रमावरूनच प्रकाशाचा रंग तापमानाच्या भाषेत, म्हणजे केल्विनमध्ये, मोजण्याची पद्धत आली. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, जुन्या पिवळ्या बल्बचा २७००च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५००च्या आसपास. उन्हाळ्यात झाडाच्या सावलीत उभं राहिलं तर अंगावर मुख्यतः निळ्या आकाशाचा उजेड पडतो आणि आकडा सात-आठ हजारांवर जातो. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर.

हे फरक आपल्याला रोज जाणवत नाहीत, कारण डोळे आणि मेंदू उजेडाशी लगेच जुळवून घेतात. दिव्याखाली कागद पिवळा झाला तरी आपण त्याला पांढराच म्हणतो. कॅमेऱ्याला ही जुळवणी गणिताने करावी लागते. समोरचा उजेड कोणत्या रंगाचा असावा याचा तो अंदाज बांधतो आणि त्यानुसार चित्रातल्या लाल आणि निळ्या रंगांना ठरावीक पटीने कमी-जास्त करतो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. साध्या कॅमेऱ्यात ही पट सगळ्या चित्राला एकच लागते. त्यामुळे अंदाज चुकला तर अख्खा फोटो पिवळा किंवा निळा होतो. अशा फोटोवर संशय घेण्याचं कारण नाही. संशय यावा तो एकाच उजेडात, शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांचे पांढरे कपडे वेगवेगळ्या रंगांकडे झुकले असतील तर.

आपल्या फोटोकडे वळू. कार्यालयात पिवळसर दिवे आहेत. गिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रंग उचलणारं साधन असतं. ते एकाच ठिपक्याऐवजी छोट्या भागाची सरासरी घेईल असं ठेवायचं आणि शर्टाच्या उजळ, पण पूर्ण पांढऱ्याफटक न झालेल्या भागावर टेकवायचं. शेजारच्या पाहुण्याच्या शर्टाचे आकडे येतात: लाल २१०, हिरवा १९०, निळा १६०. पुढाऱ्यांच्या शर्टाचे: लाल १९६, हिरवा १९८, निळा २०५. पाहुण्याच्या शर्टात लाल निळ्याच्या सुमारे सव्वापटीहून जास्त आहे, तर पुढाऱ्यांच्या शर्टात उलट निळाच किंचित वरचढ. पुढाऱ्यांचा मूळ फोटो बाहेर उन्हात काढलेला असेल, तर असंच दिसेल.

पण नुसत्या शर्टावर भागत नाही. नीळ घातलेलं धोतर आणि न घातलेलं धोतर एकाच दिव्याखालीही वेगळं दिसतं. म्हणून चेहऱ्याकडे बघायचं. नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर तेलकटपणामुळे जी चकाकी येते, तिच्यात कातडीचा रंग फारसा मिसळत नाही. ती जवळजवळ दिव्याचाच रंग दाखवते. इतरांच्या नाकावरची चकाकी पिवळसर आणि एकट्या पुढाऱ्यांची पांढरी असेल, तर शर्टाच्या साक्षीला दुसरी साक्ष मिळाली.

ब्राझीलमधल्या कांपिनास विद्यापीठातल्या आणि जर्मनीतल्या एरलांगेनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये याच तत्त्वावर एक पद्धत मांडली. फोटोच्या छोट्या-छोट्या तुकड्यांवर पडलेल्या उजेडाचा रंग संगणकाने ताडायचा आणि मग त्याच फोटोतल्या दोन-दोन चेहऱ्यांची तुलना करायची. चेहरेच का? कारण कातडीची तुलना कातडीशी झाली, तर वस्तूच्या रंगामुळे होणारा गोंधळ कमी होतो. २०० फोटोंच्या संचावर त्यांची पद्धत ८६ टक्के यशस्वी ठरली. म्हणजे नियंत्रित संचावरही काही उत्तरं चुकलीच.

आता फोटो जोडणारा हुशार आहे असं समजू. त्याला रंगातला फरक दिसतो आणि तो पुढाऱ्यांच्या चित्रात लाल वाढवतो, निळा कमी करतो. शर्टाची उजळ बाजू पाहुण्याच्या शर्टाशी बरोबर जुळते. पण तो जाळ्यात सापडतो सावलीत. बाहेर उन्हात माणसावर दोन उजेड पडत असतात: उन्हाच्या बाजूला सूर्याचा, सावलीच्या बाजूला निळ्या आकाशाचा. एकाच पटीने दोन्ही दुरुस्त होत नाहीत. मूळ चित्रात शर्टाच्या चुण्यांमधले आकडे लाल ९६, हिरवा १०६, निळा १२४ असतील, तर दुरुस्तीनंतर ते साधारण १०७, १०६, १०१ होतात. शेजारच्या पाहुण्याच्या चुण्यांत मात्र १०५, ९४, ७८ असा स्पष्ट पिवळेपणा आहे, कारण कार्यालयात सावलीतही त्याच दिव्यांचा, भिंतींवरून परतलेला उजेड पोचतो. उजळ भाग जुळतात, सावल्या जुळत नाहीत. म्हणून मोजताना उजळ बाजू आणि चुणी या दोन्हींचे आकडे घ्यायला हवेत.

इतकं जमल्यावर लगेच ‘फोटो खोटा’ म्हणून मोकळं होऊ नये. आधी उजेडाचं दुसरं कारण शोधायचं. पुढाऱ्यांच्या बाजूला खिडकी किंवा उघडा दरवाजा असेल, तर त्यांच्यावर खरोखरच दिवसाचा उजेड पडला असेल. फोटो फ्लॅश मारून काढला असेल, तर जवळची माणसं फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात आणि लांबची दिव्यांच्या पिवळ्या उजेडात दिसतात. म्हणून तुलना कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावरच्या माणसांची करायची. लाल गालिचा किंवा हिरवा कनातीचा पडदाही जवळच्या कपड्यांवर आपला रंग पाडतो. आजचे काही फोन चेहरे ओळखून त्यांच्यावर वेगळी प्रक्रिया करतात, तेव्हा ‘सगळ्या चित्राला एकच पट’ हा आधारही ढिला पडतो. आणि दहा जणांच्या फोनवरून फिरून आलेल्या फोटोत दर वेळी दाबून साठवल्यामुळे रंगाचे बारीक फरक आधी पुसले जातात.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. दोन्ही फोटो सारख्याच उजेडात काढलेले असतील, तर रंग तंतोतंत जुळतील आणि तरीही फोटो जोडलेलाच असेल. रंग जुळणं ही खरेपणाची पावती नाही.

म्हणून अशा तपासणीतून निघणारं प्रामाणिक वाक्य इतकंच असतं: या माणसावरच्या उजेडाचा रंग शेजाऱ्यांवरच्या उजेडाशी उन्हातही जुळत नाही, सावलीतही जुळत नाही, आणि त्याचं कारण चौकटीत दिसत नाही. त्यापुढचा निकाल दुसऱ्या पुराव्यावर द्यावा लागतो. ज्याने फोटो काढला त्याच्याकडची मूळ फाइल मागायची किंवा त्याच लग्नात, त्याच वेळी दुसऱ्या कुणी काढलेले फोटो शोधायचे. लग्नात फोटो काढणारे एकटे कधीच नसतात, त्यामुळे हे दुसरं काम बहुधा सोपं जातं.