mala : मला, माला, मळा की माळा?

फोनवर रोमन अक्षरांत mala टाइप केलं, तर त्यातून मराठीतले चार शब्द निघू शकतात : मला, माला, मळा आणि माळा. चारही अस्सल, चारही शब्दकोशातले. रोमन लिपीतला एकच a आपण ‘अ’साठी वापरतो आणि ‘आ’साठीही, l हा ‘ल’ असतो तसाच ‘ळ’ही. t म्हणजे त किंवा ट, d म्हणजे द किंवा ड, n म्हणजे न किंवा ण. म्हणजे आपल्या मनातल्या शब्दाचा काही भाग टाइप करतानाच गळून पडतो आणि तो भरून काढायचं काम कीबोर्डवर येतं.

यावर एक चोख उपाय जुनाच आहे. अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या आयट्रान्स या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरावीक रोमन खूण असते आणि लहान-मोठ्या लिपीतल्या अक्षरांचे अर्थ वेगळे असतात :

```
malA = मला
mAlA = माला
maLA = मळा
mALA = माळा
```

इथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही. संस्कृत ग्रंथ संगणकावर चढवणाऱ्यांना ही पद्धत फार उपयोगी पडली. पण भाजी आणायला सांगणारा माणूस दर दोन अक्षरांमागे शिफ्ट दाबत बसणार नाही. तो हात जसा वळेल तसं लिहितो. ‘आहे’ कुणी ahe लिहितं, कुणी aahe. ‘माझा’ कुणी majha, कुणी maza. म्हणून आजच्या फोनमधले कीबोर्ड नियम पाठ करत नाहीत, ते माणसांच्या सवयी शिकतात. त्यासाठी मराठी शब्द आणि लोकांनी ते रोमनमध्ये कसे लिहिले, अशा जोड्या गोळा कराव्या लागतात. गूगलच्या संशोधकांनी 2020 साली ‘दक्षिणा’ या नावाने दक्षिण आशियातल्या 12 भाषांचा असा संग्रह खुला केला, त्यात मराठी आहे. अशा जोड्यांतून यंत्राला कळतं की मराठी माणसाच्या हातून z आला तर तो बहुधा ‘झ’ असतो, आणि dny म्हणजे ‘ज्ञ’. हिंदी भाषक तेच ज्ञान gyan असं लिहितो. मराठीसाठी मराठी माणसांनीच लिहिलेल्या जोड्या हव्यात, त्या यासाठी.

आता शब्द कसा ठरतो ते पाहू. batata घ्या. शेवटचा a हा ‘आ’ धरला, तरी उरलेल्या दोन a आणि दोन t यांचे प्रत्येकी दोन अर्थ लावून 16 रूपं होतात : बटाटा, बताता, बाटटा, बातटा वगैरे. यातला व्यवहारातला शब्द एकच, बटाटा. शब्दसंग्रह हाताशी असला की कीबोर्ड बाकीची पंधरा रूपं बिनदिक्कत टाकून देतो. बहुतेक लांब शब्द असे सहज सुटतात. खरी पंचाईत होते ती mala सारख्या आखूड शब्दांत, कारण तिथे शब्दसंग्रह चारही उमेदवारांना पास करतो.

मग कीबोर्ड दोन गोष्टी तोलतो. एक, या अक्षरांमागे हा शब्द असण्याची शक्यता किती. दुसरी, या जागी हा शब्द येण्याची शक्यता किती. दोन्हींचा गुणाकार ज्याचा मोठा, तो शब्द पट्टीत पहिला. यातली दुसरी गोष्ट म्हणजेच पुढचा शब्द सुचवण्याची यंत्रणा. ‘मला’ लिहून स्पेस दिल्यावर ‘माहीत’, ‘वाटतं’ असे शब्द वर दिसतात, ते सुचवणारी आणि mala चा अर्थ लावणारी यंत्रणा मुळात एकच आहे. फरक इतकाच, की एकदा तिला काही अक्षरं हातात मिळालेली असतात, एकदा काहीच नाही.

या यंत्रणेचं सर्वांत साधं रूप म्हणजे मोजणी. प्रचंड मजकूर घेऊन कोणत्या शब्दामागे कोणता शब्द किती वेळा आला, याची नोंद ठेवायची. ‘amcha mala’ लिहिलं तर ‘आमचा’नंतर ‘मला’ क्वचितच येतो, ‘मळा’ येऊ शकतो. तेव्हा मळ्याचं पारडं जड होतं. व्याकरण कुणी शिकवलेलं नसतं, पण ‘आमचा’नंतर पुल्लिंगी नाम येतं हे मोजणीतून आपोआप उतरतं.

आता हेच वाक्य जरा बदलू : gharamage mala ahe. म्हणायचं आहे ‘घरामागे मळा आहे’, आणि पट्टीत बहुधा पहिला येतो ‘मला’. असं का व्हावं? कारण ‘घरामागे’ हे रूप. इंग्रजीत घराला दोन रूपं पुरतात, एकवचन आणि अनेकवचन. मराठीत घर, घरात, घरातून, घराला, घरामागे, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा, अशी रांग लागते आणि यंत्र प्रत्येक रूप सुटा शब्द म्हणून मोजतं. त्यामुळे एकाच शब्दाची मोजणी डझनावारी रूपांत विखुरते आणि ‘घरामागे मळा’ ही जोडी यंत्राने कधी पाहिलेलीच नसण्याची शक्यता बरीच असते. जोडी सापडली नाही की ते एक पायरी खाली उतरतं आणि एकट्या शब्दाची वारंवारता पाहतं. तिथे ‘मला’समोर ‘मळा’ कुठे टिकणार? शिवाय ‘घरामागे मला साप दिसला’ हेही वाक्य शक्य आहेच. शंका फिटते ती ahe आल्यावर, पण तोवर स्पेस दाबून शब्द ठरून गेलेला असतो.

नवे कीबोर्ड मोजणीऐवजी न्यूरल नेटवर्क वापरतात. त्यात जवळच्या अर्थाचे आणि रूपाचे शब्द एकमेकांजवळ नोंदले जातात, त्यामुळे ‘घरामागे’ विरळ असलं तरी ‘घराजवळ’वरून काही बोध घेता येतो. चुका घटतात, पण कल तोच राहतो : जे जास्त लिहिलं गेलं, ते आधी सुचतं. ‘ल’पेक्षा ‘ळ’ विरळ, म्हणून मळा मागे पडतो. मालवणी किंवा वऱ्हाडी शब्द छापील मजकुरात कमी, म्हणून तेही मागे. ‘मी उद्या’नंतर ‘येतो’ सुचावं की ‘येते’, हे ज्यांच्या मजकुरावर यंत्र शिकलं त्यांच्यावर ठरतं. लिहिणारी बाई आहे हे त्याला ठाऊक नसतं. ‘येतो’ खोडून पुन्हा पुन्हा ‘येते’ लिहावं लागणं ही मला किरकोळ गैरसोय वाटत नाही. आपल्याच भाषेत आपल्याबद्दल लिहिताना यंत्राने आपल्याला दुसऱ्याच्या तोंडची भाषा द्यावी, हे खटकायलाच हवं.

यावर आपल्या हातात एक उपाय आहे. पट्टीतला पहिला शब्द चुकीचा असेल, तर पुढे रेटून न जाता त्याच पट्टीतून योग्य शब्द निवडायचा. बरेच कीबोर्ड ही निवड फोनमधल्या वैयक्तिक शब्दसंग्रहात नोंदवतात आणि पुढच्या वेळी तो शब्द वर आणतात. mala ऐवजी maala लिहिलं, तर ‘मला’ आणि ‘मळा’ दोघेही मागे पडतात आणि निवड माला-माळा एवढ्यावर येते. एका जादा अक्षराने काम अर्धं होतं.

एका चुकीपुढे मात्र हे सगळं अपुरं पडतं. acharyanna bolva या संदेशातून ‘आचार्यांना बोलवा’ उमटतं आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ही. दोन्ही शुद्ध, दोन्ही व्याकरणात बसणारी. कार्यालयात पंगत मांडायची आहे की व्याख्यान ठेवायचं आहे, हे कीबोर्डला कुठून कळणार? अशा शब्दांखाली लाल रेघ येत नाही. तेव्हा पाठवण्याआधी ळ, ण आणि ऱ्य असलेले शब्द तेवढे डोळ्यांखालून घालावेत.