घंटागाडीमागचा हिशेब

पुण्यातला एखादा मध्यम वस्तीचा भाग घ्या. 5,000 घरं, साधारण 20,000 माणसं. माणशी दिवसाला 400 ग्रॅम कचरा धरला तर रोजचे 8 टन होतात. त्यात साडेचार टन ओला, तीनेक टन सुका आणि उरलेल्यात डायपर, सॅनिटरी पॅड, औषधं, सेल. कचरा घरातूनच वेगळा करून द्यावा, असं 2016 च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं. प्रश्न एवढाच की वेगळा दिलेला कचरा गाडीत वेगळा राहतो का.

इथे बहुतेक अंदाजपत्रकं फसतात, कारण गाड्या वजनावर मोजल्या जातात. ओला कचरा जड असतो, घनमीटरला साडेचारशे किलोच्या आसपास, म्हणजे साडेचार टनांना दहा घनमीटर जागा पुरते. सुका कचरा मात्र शंभर किलोलाच घनमीटर खातो, म्हणजे तीन टनांना तीस. आपली घंटागाडी मधोमध पत्रा घालून सारखी वाटलेली. निम्मा रस्ता व्हायच्या आत सुक्याचा कप्पा भरतो, ओल्याचा दोन तृतीयांश रिकामा असतो, आणि मदतनीस खोकी नि पिशव्या ओल्यावर टाकायला लागतो. घरात सकाळी केलेली वर्गवारी तिथेच संपते. मग दोष नागरिकांच्या माथी!

म्हणून गाड्यांची वाटणी वेगळी हवी. ओल्यासाठी चार गाड्या, रोज प्रत्येकी दोन खेपा, सॅनिटरी कचऱ्याची बंद पेटी मागे बांधलेली. सुक्यासाठी उंच जाळीच्या दोन, निम्म्या वस्तीत एक दिवस आणि निम्म्यात दुसऱ्या. एक गाडी राखीव, कारण क्लच-ब्रेकचं काम निघतंच.

आता महिन्याचा खर्च. यातले दर मी अंदाजाने धरलेत, शहरागणिक बदलतील. सहा गाड्यांवर दोन-दोन माणसं, साप्ताहिक सुट्टीच्या बदलीसह चौदा. खतप्रकल्पावर नऊ, वर एक मुकादम. भविष्य निर्वाह निधी आणि विमा धरून माणशी 22,000 रुपये, म्हणजे 5 लाख 28 हजार. डिझेल 66 हजार, दुरुस्ती 36 हजार, खताचं जिवाणू-विरजण, वीज आणि चाळणी मिळून 50 हजार, हातमोजे-गमबूट 15 हजार. एकूण 6 लाख 95 हजार, घरामागे 139 रुपये. चार रुपयांतले तीन पगाराचे. गाड्या मिळतात, कारण त्यांचं उद्घाटन होतं. बदलीच्या माणसाला फीत नसते.

सुक्याची छाननी या आकड्यात नाही. पुण्यात त्याची वाट वेगळी आहे. 1993 साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था 2008 मध्ये महापालिकेशी जोडली गेली. दारोदार गोळा करणारे घराकडून शुल्क घेतात आणि विकण्याजोगा सुका माल त्यांचा. त्यामुळे वर्गवारी नीट झाली तर त्यांच्याच खिशात पैसे पडतात. शुल्क थकलं किंवा भंगाराचा भाव पडला की फटकाही त्यांनाच पहिला बसतो.

खताकडे वळू. ओला कचरा बारीक करून दीड मीटर उंचीचे ढीग लावतात, आठवड्याला फिरवतात, महिना-दीड महिन्यात खत होतं. ढिगात सळई खुपसून पाच मिनिटांनी काढावी. हाताला चटका बसला तर काम नीट चाललंय. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. पाण्याची धार लागली, कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर आत हवा जात नाही. कोरडा पाला किंवा भुसा मिसळून ढीग लगेच परतावा. काचेचा तुकडा किंवा शॅम्पूची पुडी मात्र कुठल्याच परतण्याने जात नाही. शेवटी सगळा माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात आणि वर उरलेली रास पाहिली की वर्गवारी किती ढिली पडली, ते मुकादमाला बरोबर कळतं.

साडेचार टनांतून चाळलेलं खत पाऊण टनाच्या आसपास. किलोला तीन रुपये मिळाले तरी महिन्याला सत्तरएक हजार, खर्चाच्या दहाव्या भागाइतके. खतातून प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहील, असं लिहिलेला प्रस्ताव दिसला की मी पुढचं पान वाचत नाही. फायदा दुसरीकडे आहे: रोज साडेचार टन ओझं शहराबाहेरच्या डेपोपर्यंत जात नाही, तिथे साचत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं ज्याविरुद्ध आंदोलनं केली, तो ओझ्याचाच प्रश्न होता. पण ही बचत वाहतुकीच्या खात्यात दिसते, प्रभागाच्या तक्त्यात नाही, म्हणून प्रकल्प कायम तोट्यात वाटतो.

आणखी एक तरतूद हमखास राहून जाते. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि कोरड्या पाल्याची सर्वांत जास्त गरज जुलैत पडते, जेव्हा कचरा भिजून येतो. तेव्हा भुसा विकत घ्यावा लागतो. पाला साठवायला एक पत्र्याची शेड आणि ढिगांवर छप्पर, एवढं मार्चच्या अंदाजपत्रकात घातलं तर पावसाळ्यात वासाची तक्रार घेऊन वस्ती दारात येत नाही.