साबण जंतूंचं काय करतो? झोपतानाची एक गोष्ट

हात धुण्याच्या बहुतेक गोष्टींत साबण शूर सैनिक असतो आणि तो जंतूंना मारतो. मूल त्यातून सोयीचा अर्थ काढतं: साबण लागला, जंतू मेले, काम संपलं! मग ते हात चोळतही नाही आणि नीट धूतही नाही. खरं तर साध्या साबणाचं मुख्य काम जंतूंना हातावरून सोडवण्याचं आहे. काही विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं, ते साबणाने फुटतं. पण बाकीचे बरेचसे जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगायची ती अशी:

“मिनू मातीत खेळून आली. तिने हात नुसते पाण्याखाली धरले आणि म्हणाली, ‘आजी, झाले स्वच्छ!’ पण तिच्या हातावर तेलाचा पातळ थर होता. चेहऱ्याला, केसांना हात लावला की तो येतो. त्यात जंतू चिकटून बसले होते. इतके छोटे, की हजार जण रांगेत उभे राहिले तर मुंगीएवढी रांग होईल! पाणी आलं आणि वरून निघून गेलं, कारण पाण्याची आणि तेलाची गट्टी नाही.

“आजीने साबण दिला. साबणाच्या प्रत्येक कणाला दोन हात. एका हाताने तो तेल धरतो, दुसऱ्याने पाणी. मिनूने तळहात चोळले, मग हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखं. साबणाच्या कणांनी तेलाला घेरलं आणि त्याचे बारीक थेंब केले. जंतूंची पकड सुटली. आजीने पाणी ओतलं आणि फेसाबरोबर सगळे वाहून गेले. मिनूने हात पुसले, जेवली आणि झोपली.”

गोष्टीत चोळण्याचा भाग सावकाश सांगावा. प्रत्यक्षात त्याला निदान २० सेकंद लागतात, आणि अंगठे व बोटांची टोकं हमखास राहून जातात.

दुसऱ्या दिवशी हे दाखवताही येतं. पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट बुडवण्याचा प्रयोग मात्र नको. तिथे पूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण बदलल्यामुळे, आणि ‘साबणाला जंतू घाबरतात’ हाच चुकीचा समज पक्का होतो. त्याऐवजी मुलाच्या तळहातांना थेंबभर तेल आणि चिमूटभर दालचिनीची पूड चोळा. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगा; बरीचशी पूड हातावरच राहील. मग साबण लावून चोळायला सांगा. पूड कुठे उरली, ते मुलालाच शोधू द्या.

गोष्ट समजली का, हे एका प्रश्नाने कळतं: “जंतू कुठे गेले?” मूल “मेले” म्हणालं, तर गोष्ट पुन्हा सांगा. “मोरीतून वाहून गेले” म्हणालं, तर चोळायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं कशासाठी, हे त्याला उमगलं आहे.