हजेरी आणि व्युत्पत्ती

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी निर्माण होऊन २०१२ साली सर्वांना खुले झालेले ड्युओलिंगो हे भाषाशिक्षणाचे ॲप ज्यांनी काही दिवस वापरले आहे, त्यांना त्यातील ज्वालेच्या चिन्हाजवळचा तो आकडा चांगलाच परिचित असेल. रोज निदान एक धडा पुरा केला की तो एकाने वाढतो आणि एक दिवस चुकला की शून्यावर येतो. याला स्ट्रीक म्हणतात. त्याच्या जोडीला प्रत्येक धड्याचे गुण असतात आणि त्या गुणांवर दर आठवड्याला अनोळखी शिकणाऱ्यांमध्ये क्रमवारी लागते. या योजनेला शास्त्राचा आधार मुळीच नाही, असे नव्हे. एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांवर विभागलेली उजळणी अधिक टिकते, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवून दिले होते. परंतु स्ट्रीक हा केवळ हजेरीपट आहे. हजर राहून विद्यार्थ्याने काय केले, याची नोंद त्यात होत नाही.

पुण्यात जर्मन शिकणारी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत. पण आपला पुल्लिंगी सूर्य तेथे स्त्रीलिंगी ठरतो आणि मुलगी नपुंसकलिंगी, त्यामुळे सवयीने मनात येणारे लिंग हटकून फसवते. ही लिंगे पक्की व्हायची तर ‘डी झोने’, ‘दास मेडशेन’ ही रूपे समोर पर्याय नसताना स्मरणातून काढावी लागतात, आणि त्यात प्रथम वारंवार चुका होतात. अशा धड्याला तिला दहा मिनिटे लागतात; पूर्वी झालेला, पर्यायांतून उत्तर निवडण्याचा धडा मात्र दोन मिनिटांत बिनचूक संपतो. दोहोंना सारखेच गुण मिळाले, तर दहा मिनिटांत एका कठीण धड्याऐवजी पाच सोपे धडे करून पाचपट गुण पदरात पडतात. रात्री बारा वाजायला पाच मिनिटे उरली असताना आणि क्रमवारीत कोणी पुढे जात असताना ती कोणता धडा उघडील, हे सांगावयास नको. यात तिचा आळस नाही. मोबदल्याचे कोष्टकच तिला त्या बाजूला वळवते.

पाहिलेले उत्तर ओळखणे आणि न पाहता आठवणे या भिन्न क्रिया आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बंद करून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर स्मरला. म्हणजे जो अभ्यास करताना सुलभ वाटतो तो अधिक काळ टिकतोच, असे नाही. आणि गुणांचा हिशोब तर धडा संपताक्षणी होतो, आठवड्यानंतर होत नाही.

स्ट्रीकचा आकडा माणसाचे वर्तन कसे बदलतो याचा एक मोठा पुरावा शिक्षणाबाहेरचा आहे. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या गिटहब या संस्थेने २०१६ साली असा अखंड दिवसांचा आकडा दाखविणे अचानक बंद केले, आणि पुढे संशोधकांना तेथील नोंदींत आढळले की सुटीच्या दिवशीचे काम घटले आणि दिवसाला केवळ एकच नोंद करण्याचे प्रमाणही कमी झाले. त्या एकेकट्या नोंदींपैकी काही केवळ आकडा जिवंत ठेवण्यासाठी होत्या, असा निष्कर्ष त्यावरून काढणे मला रास्त वाटते.

शून्याची शिक्षा तर मला अन्यायाचीच वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नव्या सवयी कशा जडतात याचे निरीक्षण केले, तेव्हा एखादी संधी हुकल्याने सवयीच्या वाढीला म्हणण्याजोगा धक्का बसत नाही, असे त्यांना दिसले. खंडित दिवसाने गेलेली विद्या अल्प असते. पण शंभरावरून शून्य पाहून खचलेला मनुष्य पुष्कळदा ॲपच सोडून देतो, आणि खरे नुकसान तेथे होते.

म्हणून स्ट्रीकचा उपयोग बैठकीला बसण्याच्या निमित्तापुरता करावा आणि वेळ रात्रीच्या अखेरीस न ठेवता सकाळच्या चहानंतरची ठरवावी. प्रथम जुन्या, चुकलेल्या शब्दांची उजळणी करावी, नंतर नवा धडा घ्यावा. क्रमवारीतून बाहेर पडण्याची सोय असल्यास ती घ्यावी. एक दिवस वाचविणारी स्ट्रीक-फ्रीझची सवलत आजारपणात निःसंकोच वापरावी. दर रविवारी मोबाइल दूर ठेवून आठवड्यातील दहा वाक्ये मराठीवरून जर्मनमध्ये कागदावर लिहावीत, मग तपासावीत आणि बरोबर आलेल्यांची संख्या वहीत मांडावी. गुण चढत आहेत आणि ही संख्या मात्र तीन-चार आठवडे चार-पाचांवर अडली आहे असे दिसले, तर धडे फार सोपे निवडले जात आहेत असे समजावे. उलट दहाही वाक्ये प्रत्येक रविवारी बरोबर येऊ लागली, तर परीक्षेची वाक्ये अधिक कठीण करावयास हवीत.