नाजूक त्वचेला सोसणारी आम्ले

गेल्या उन्हाळ्यात चौतीस वर्षांच्या एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. चेहरा खरखरीत आणि निस्तेज दिसतो म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी १० टक्के ग्लायकॉलिक आम्लाचे सीरम आणले होते आणि ते रोज रात्री लावत होत्या. तिसऱ्या दिवशी गाल लाल झाले. आठवड्याभरात साध्या पाण्याने तोंड धुतले तरी झोंबू लागले. "डॉक्टर, मैत्रिणीचा चेहरा उजळला, मग माझाच का भाजला?" असा त्यांचा प्रश्न होता.

आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्या वेळच्या वेळी गळून पडल्या नाहीत तर चेहरा खरखरीत दिसतो. ग्लायकॉलिकसारखी अल्फा हायड्रॉक्सी आम्ले हा चिकटपणा सैल करतात. परंतु ग्लायकॉलिकचा रेणू या गटात सर्वांत लहान, त्यामुळे तो झटकन आत शिरतो. ज्यांच्या त्वचेचे वरचे आवरण मुळातच कमकुवत असते, त्यांच्यात तो अधिकच वेगाने खाली पोहोचतो आणि आग, लाली सुरू होते. मैत्रिणीचे आवरण भक्कम होते, शिक्षिकाबाईंचे नव्हते, एवढाच काय तो फरक.

अशा त्वचेसाठी पॉलिहायड्रॉक्सी आम्ले उपयोगी पडतात. त्यांतले ग्लुकोनोलॅक्टोन ग्लुकोजपासून तयार होते, तर लॅक्टोबायोनिक आम्ल दुधातल्या साखरेपासून. ग्लायकॉलिकच्या रेणूचा भार ७६ धरला, तर ग्लुकोनोलॅक्टोनचा १७८ आणि लॅक्टोबायोनिकचा ३५८ भरतो. चाळणीतून रवा भरभर पडतो, पण भरड सांजा सावकाश उतरतो, तसेच इथे होते. मोठा रेणू वरच्या थरातच हळूहळू काम करतो. शिवाय तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे त्वचा कोरडी पडत नाही. पण सौम्यपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि खोल डाग किंवा व्रण याने जात नाहीत.

शिक्षिकाबाईंना पहिले चार आठवडे कोणतेही आम्ल दिले नाही. सौम्य फेसवॉश, बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढेच. पाणी झोंबायचे पूर्ण थांबल्यावर ४ टक्के ग्लुकोनोलॅक्टोन आधी पाच दिवस कानामागे लावून पाहिले. काही त्रास झाला नाही, तेव्हा आठवड्यातून दोन रात्री, चेहरा कोरडा करून, पातळ थर आणि त्यावर मॉइश्चरायझर असे सुरू केले. तीन आठवड्यांनी एक दिवसाआड. तिसऱ्या महिन्यात गालांचा खरखरीतपणा गेला. जुने काळे डाग मात्र तसेच राहिले, आणि हे त्यांना आधीच सांगितले होते.

लावल्यावर क्षणभर चुणचुणले तर घाबरू नये. पण आग पाच मिनिटांनंतरही राहिली, सकाळी लाली दिसली किंवा चेहरा ताणल्यासारखा वाटला, तर ते लगेच बंद करावे.

दुसरा पर्याय विकरांचा, म्हणजे एन्झाइमचा. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन प्रथिने तोडते. मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई लावतो ती याचसाठी. त्वचेवर ते मृत पेशींमधली प्रथिने तोडते. ओलाव्यात ते टिकत नाही, म्हणून बरेचदा भुकटीच्या रूपात मिळते. ती भुकटी ऐन वेळी पाण्यात कालवून सूचनेप्रमाणे थोडाच वेळ ठेवावी आणि धुऊन टाकावी. आठवड्यातून एकदा पुरे.

परंतु "घरचीच पपई आहे" म्हणून कच्च्या फळाचा चीक तोंडाला चोळू नये. त्यात पपेन किती आहे हे कळत नाही आणि त्वचा सोलवटून निघते. पपेनची ॲलर्जीही होते. जखमेवर लावायच्या पपेनच्या औषधांमुळे गंभीर ॲलर्जी झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता नसलेल्या अशा औषधांची विक्री थांबवायला लावली. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांची ॲलर्जी आहे, किंवा पपई खाल्ल्यावर तोंडाला खाज येते, त्यांनी पपेनच्या वाटेला जाऊच नये.

आम्ल आणि विकर एकाच रात्री लावू नयेत. चेहऱ्यावर इसब असेल, किंवा गोरेपणाची म्हणून स्टेरॉइड असलेली क्रीम बरेच दिवस लावली असेल, तर यांतले काहीही सुरू करण्याआधी ती क्रीम घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. अशा चेहऱ्याला सौम्य आम्लही सोसत नाही.